तक्त्यातली लोहाची ओळ

पोषणाच्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यातच हाती पडणारा एक तक्ता असतो. डावीकडे जीवनसत्त्वांची आणि खनिजांची नावे, पुढे रोजची गरज, मग ते कशात मिळते, आणि शेवटी ते कमी पडले तर काय होते. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि उत्तीर्णही होतात. अडचण नंतर येते. समोर खरीखुरी बाई बसलेली असते, थकलेली, ओठांचे कोपरे चिरलेले, आणि तिची लक्षणे तक्त्यातल्या तीनचार ओळींत एकदम सापडतात.

या प्रकरणात आपण सगळा तक्ता चाळणार नाही. एकच ओळ घेऊ, लोहाची. ती नीट वाचायला आणखी तीन ओळी लागतात म्हणून त्या शेजारी ठेवू. खालची गरज प्रौढ, गरोदर नसलेल्या स्त्रीची आहे आणि ती आयसीएमआर व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सुधारलेल्या शिफारशींतून घेतली आहे.

| घटक | रोजची शिफारस | कशात मिळते | कमतरतेत काय दिसते |
|---|---|---|---|
| लोह | २९ मिलिग्रॅम | बाजरी, डाळी, मेथी, तीळ, मटण, कलेजी | थकवा, फिकटपणा, धाप, नखे खोलगट होणे, माती किंवा खडू खावासा वाटणे |
| ब१२ | २.२ मायक्रोग्रॅम | दूध, दही, अंडी, मासे, मांस | थकवा, फिकटपणा, जीभ लाल व गुळगुळीत, हातापायांना मुंग्या |
| फोलेट | २२० मायक्रोग्रॅम | पालेभाज्या, कडधान्ये | थकवा, फिकटपणा, जीभ हुळहुळणे |
| जीवनसत्त्व क | ६५ मिलिग्रॅम | आवळा, पेरू, लिंबू, संत्रे | हिरड्यांतून रक्त, जखम उशिरा भरणे |

आधी त्या २९ या आकड्याकडे पाहू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा त्याच्यावरून होतो. शरीरातून रोज थोडे लोह जातच असते. आतड्याच्या पेशी झडतात, त्वचा झडते, त्यांच्याबरोबर साधारण पाऊण मिलिग्रॅम जाते. पाळी येणाऱ्या स्त्रीचे त्याखेरीज रक्त जाते. एक मिलिलिटर रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला तीस मिलिलिटर रक्त गेले तर पंधरा मिलिग्रॅम लोह गेले, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. दोन्ही मिळून सव्वा मिलिग्रॅम. एवढे रोज रक्तात परत यायला हवे. आपल्या धान्य-डाळीच्या जेवणातले लोह शंभरातले आठ भागच शोषले जाते असे पोषण संस्थेने धरले आहे. म्हणजे सव्वा मिलिग्रॅम रक्तात जायचे तर ताटात पंधराएक मिलिग्रॅम हवे.

मग २९ कुठून आले? पंधरा ही सरासरी गरज आहे. तेवढ्यात निम्म्या स्त्रियांचे भागते, निम्म्यांचे भागत नाही. काहींना तीस नव्हे, ऐंशी मिलिलिटरपर्यंत रक्त जाते आणि त्यांची गरज त्याच मापाने चढते. जवळजवळ सगळ्या निरोगी स्त्रियांचे भागावे असा आकडा काढायचा तर तो बराच वर न्यावा लागतो. तोच २९. तो सुरक्षिततेसाठी ठेवलेला वरचा कठडा आहे, प्रत्येकीची गरज नव्हे. त्यामुळे कुणी दिवसाचा आहार लिहून आणला, बेरीज अठरा आली आणि विद्यार्थ्याने लाल शाईने 'कमतरता' असे लिहिले, तर ते चूक आहे. अठरा खाणाऱ्या कितीतरी जणींचे उत्तम चालते. उलट एखाद्या वस्तीतल्या शंभर जणींचा आहार मोजायचा असेल तर तो २९ शी नव्हे, पंधराशी ताडून पाहायचा असतो. पुष्कळ छापील तक्त्यांत ही सरासरी गरज दिलेलीच नसते. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे.

आता तिसरा स्तंभ, कशात मिळते. हा स्तंभ सगळ्यांना आवडतो आणि तोच सगळ्यात जुना झालेला असतो. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या जुन्या अन्नघटक कोष्टकांत शंभर ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेले होते. २०१७ साली पोषण संस्थेने देशभरातून नमुने गोळा करून नवी कोष्टके काढली, त्यांत पोह्यांचा आकडा साडेचारच्या आत आला. भात तोच, पोहेही तेच. जुन्या मोजणीत यंत्रांच्या लोखंडी रुळांचे आणि धुळीमातीचे लोह मिसळले असावे, आणि तसले लोह अंगी फारसे लागत नाही. अळिवाचे तर आणखी मजेशीर आहे. जुना आकडा शंभर ग्रॅमला १००, नवा सुमारे १७. बाळंतिणीच्या लाडवांची आठवण काढून कुणी खट्टू होऊ नये. सतरा हा काही कमी नाही. फक्त एका लाडवात चमचाभर म्हणजे पाचेक ग्रॅम अळीव असतो, त्यातून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. तिथे लाडवाचे बळ गुळाखोबऱ्यात आणि तुपातही असते, त्याचा हिशेब वेगळा. जुने आकडे मात्र अजून भिंतींवरच्या तक्त्यांत आणि मासिकांच्या चौकटींत तसेच छापले जातात. तक्ता हाती आला की पोह्यांचा आकडा आधी बघावा, म्हणजे तो कुठल्या काळातला आहे हे लगेच कळते.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा बार्शीतली एक शिक्षिका आहे, वय तीस, वजन पन्नास किलो, शाकाहारी. तिचा एका साध्या दिवसाचा आहार असा: सकाळी पोहे आणि चहा. दुपारी डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी, मेथीची भाजी, तुरीच्या डाळीची आमटी. डबा संपला की शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांबरोबर चहा. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. रात्री दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडा भात, वाटीभर ताक.

कच्च्या वजनावर मोजू, कारण कोष्टके कच्च्या पदार्थांचीच असतात. पन्नास ग्रॅम पोह्यांत २.२ मिलिग्रॅम लोह. दोन भाकरींना १२० ग्रॅम पीठ धरले तर ४.७. मेथीची ७५ ग्रॅम निवडलेली पाने ४.३, तीस ग्रॅम तूरडाळ १.२. रात्रीच्या पोळ्यांच्या सत्तर ग्रॅम कणकेत २.९, शेंगदाण्यांत ०.९, आणि भात, बटाटा, ताक वगैरे मिळून पाऊण-एक. बेरीज साधारण १७ मिलिग्रॅम. कठड्याच्या खाली, सरासरी गरजेच्या वर. आठ टक्के धरले तर रक्तात जाणारे लोह १.३६ मिलिग्रॅम. तिला रोज सव्वा हवे. म्हणजे कागदावर जेमतेम भागले.

पण तक्त्यात नसलेला एक स्तंभ आहे: सोबत काय खाल्ले. वनस्पतींतले लोह आतड्यात पोचते तेव्हा त्याला धरून ठेवायला बरेच जण टपलेले असतात. धान्याच्या कोंड्यातले आणि डाळीतले फायटेट, चहातले टॅनिन, थोड्या प्रमाणात दुधातले कॅल्शियम. धरले गेलेले लोह शोषले जात नाही, तसेच बाहेर पडते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा त्या जेवणातले लोहशोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. जीवनसत्त्व क नेमके उलटे करते. ते लोहाला विरघळलेल्या, शोषण्याजोग्या रूपात ठेवते आणि फायटेटच्या तावडीतून काढते. पण दोघांचेही काम त्या एकाच जेवणापुरते चालते. सकाळी खाल्लेले संत्रे रात्रीच्या पोळीला उपयोगी पडत नाही.

म्हणून दिवसातला प्रत्येक चहा सारखा दोषी नसतो. पोह्यांबरोबरच्या चहावर आहारतज्ज्ञ डोळे वटारतात. पण तिच्या पोह्यांत लोहच २.२ मिलिग्रॅम. आठ टक्क्यांनी त्यातले ०.१८ रक्तात जायचे, चहाने ते ०.०८ झाले. नुकसान एक दशांश मिलिग्रॅम. दुपारच्या डब्यात मात्र दिवसातले दहा मिलिग्रॅमहून जास्त लोह आहे. तिथून ०.८ मिलिग्रॅम रक्तात जायला हवे होते. जेवणानंतरच्या चहाने ते साडेतीनशे मायक्रोग्रॅमवर आले, तर जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम गेला. म्हणजे सकाळचा चहा तिला सुखाने पिऊ द्यावा, दुपारचा तेवढा दीड-दोन तासांनी पुढे ढकलायला सांगावे. एक गोष्ट सांगितली तर लोक ऐकतात. दोन्ही चहा सोडा म्हटले की दोन्ही चालू राहतात.

लिंबाचेही असेच मोजून पाहावे. भाजीवर लिंबाची फोड पिळणे ही आपली रीत चांगली आहे, आणि ते उतरवल्यावर पिळायचे हेही बरोबर, कारण शिजताना जीवनसत्त्व क बरेच नष्ट होते. पण अर्ध्या लिंबाचा रस पंधरा मिलिलिटर निघाला तर त्यात सातएक मिलिग्रॅमच क असते. तेवढ्याने फायटेटने भरलेल्या भाकरी-आमटीवर फारसा परिणाम होत नाही. शंभर ग्रॅमचा एक पेरू दोनशे मिलिग्रॅमपर्यंत देतो, एक मध्यम आवळा सत्तरऐंशी. पोषण संस्थेच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणाबरोबर पेरू देऊन लोहशोषण मोजले आणि २०१३ साली ते प्रसिद्ध केले; पेरूने शोषण दुपटीहून जास्त झाले होते. आपल्या शिक्षिकेने डब्याबरोबर पेरू खाल्ला आणि चहा पुढे ढकलला, तर दुपारच्या त्याच दहा मिलिग्रॅममधून ०.३५ ऐवजी दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह तिच्या रक्तात जाईल. भाकरी ज्वारीची सोडून बाजरीची केली असती तर दिवसाच्या आहारात फक्त तीन मिलिग्रॅम वाढले असते, आणि चहा तसाच राहिला असता तर त्यातला एक दशांश मिलिग्रॅमच अंगी लागला असता. तक्त्यात मात्र बाजरी लोहाच्या ओळीत आहे, पेरू नाही.

या हिशेबाला एक मर्यादा आहे ती सांगायला हवी. आतडे मुकाट बसून आठ टक्के घेत नाही. साठा घटला की ते जास्त शोषू लागते, साठा भरला की कमी. त्यामुळे रोज अर्धा मिलिग्रॅम कमी पडला तरी शरीर बरेच दिवस सावरून नेते. पण पाळी जड असेल, दोन बाळंतपणे लागोपाठ झाली असतील, तर ते सावरणे पुरत नाही आणि साठा संपतो.

साठा संपतो तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही, ही लक्षणांच्या स्तंभाची गोम आहे. लोहाची कमतरता पायऱ्यांनी येते. आधी यकृत आणि अस्थिमज्जा यांतला साठा रिकामा होतो, मग रक्तातून वाहणारे लोह कमी होते, आणि सगळ्यात शेवटी हिमोग्लोबिन घसरते. तक्त्यातली बहुतेक लक्षणे शेवटच्या पायरीची आहेत. खोलगट, चमच्यासारखी नखे तर फार उशिरा दिसतात आणि हल्ली क्वचितच. विद्यार्थी मात्र नखेच शोधत बसतात. त्याहून उपयोगी खूण म्हणजे खाण्याच्या विचित्र इच्छा. घरातले कुणी कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा भाजलेली माती खाते का, हे सरळ विचारावे. बायका आपणहून सांगत नाहीत. आणि ओठांचे कोपरे चिरणे म्हणजे ब२ ची कमतरता असे जोडीत लिहिलेले असते खरे, पण लोह आणि ब१२ कमी असले तरी ते चिरतात, आणि नुसत्या ओठ चाटण्यानेही. लक्षणांवरून कुठल्या ओळीकडे पाहायचे एवढेच कळते. निदान रक्त तपासून होते.

आपल्या शिक्षिकेचा अहवाल असा आला समजा: हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही ७२, फेरिटिन ६. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले की जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. पण हिमोग्लोबिनवरून कारण कळत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, तोही बोटातून थेंब काढून मोजलेला. त्यातला किती लोहामुळे आणि किती दुसऱ्या कशामुळे, हे त्या थेंबाने सांगितले नाही. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा आकार. साधारण ८० ते १०० हा नेहमीचा पल्ला. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, ब१२ किंवा फोलेट कमी असेल तर मोठ्या. तक्त्यात तिन्ही ओळींना 'थकवा, फिकटपणा' लिहिलेले असते, त्यांना वेगळे करणारी पहिली खूण हीच. फेरिटिन हा साठ्याचा माग. पंधराच्या खाली असेल तर साठा संपला असे समजावे. पण अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटे चढते, मग पंधराच्या वरच्या आकड्याने निर्धास्त होता येत नाही.

आता विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न: आहाराने हे भरून निघेल का? मोजू. पन्नास किलोच्या स्त्रीच्या अंगात रक्त सव्वातीन लिटरच्या आसपास, म्हणजे ३३ डेसिलिटर. ९.८ वरून १२ पर्यंत जायला दर डेसिलिटरला २.२ ग्रॅम, एकूण ७३ ग्रॅम हिमोग्लोबिन घडवायचे आहे. एका ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे सुमारे २५० मिलिग्रॅम, आणि रिकामा साठा भरायला त्यावर निदान तीनशे. पेरू आणि उशिराचा चहा यांनी ती रोजच्या गरजेपेक्षा जास्तीत जास्त एक मिलिग्रॅम वर मिळवेल. नुसते हिमोग्लोबिन भरायला आठ महिने, साठा भरायला आणखी तितकेच आणि वर. तोवर अठरा-वीस पाळ्या होऊन जातील. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह-फोलिकच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातले दहा टक्के शोषले गेले तरी दिवसाला सहा मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन भरण्याचे तेच काम दीड-दोन महिन्यांत होते. म्हणून तक्ता हा कमतरता होऊ नये यासाठी आहे, झालेली कमतरता भरण्यासाठी गोळी लागते आणि ती किती व किती दिवस हे डॉक्टर ठरवतात. बिटाचा रस आणि खजूर यांच्या भरवशावर ९.८ घेऊन बसलेल्या बायका पाहिल्या की या साध्या गुणाकाराचे महत्त्व कळते. (बिटात लोह फार नसते. लाल रंगाने त्याला ही प्रतिष्ठा मिळाली.)

गोळी लागू पडते आहे हे कसे ओळखायचे? तीनचार आठवड्यांनी हिमोग्लोबिन एका ग्रॅमने तरी चढायला हवे. चढले नाही तर कारणांची यादी वरपासून तपासावी. पहिले कारण बहुतेक वेळा अगदी साधे असते: गोळी घेतलेलीच नसते. मळमळते, पोट बिघडते, शौचाला काळे होते, म्हणून ती डब्यात तशीच पडते. दुसरे, ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली जाते. तिसरे, रक्त जाते आहे तिकडे कुणी पाहिलेच नाही: जड पाळी, मूळव्याध, किंवा अनवाणी शेतात फिरणाऱ्यांत आकडीकृमी.

हे सगळे ठीक असूनही आकडा हलत नसेल, तर दोन गोष्टी आठवाव्यात. एक, थॅलेसेमियाचे वाहक असणे. त्यातही पेशी लहान असतात, एमसीव्ही ७० च्या आसपास दिसतो, पण फेरिटिन बरे असते आणि पेशींची संख्या भरपूर असते. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने, म्हणजे दशलक्षांत, भागावे. भागाकार तेराच्या खाली आला तर थॅलेसेमियाचा संशय घेऊन हिमोग्लोबिन ए-टू तपासून घ्यावे. सिंधी आणि कच्छी लोहाणा कुटुंबांत हे अधिक आढळते. लोहाच्या गोळ्यांनी ते बदलत नाही, आणि लग्न ठरण्याआधी ते कळलेले बरे.

दुसरी गोष्ट ब१२, आणि ती आपल्याकडे वाटते त्याहून फार मोठी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या पुरुषांची तपासणी केली तेव्हा त्यांतल्या दोनतृतीयांशांत ब१२ कमी निघाले. हे पुरुष होते, पाळीचा प्रश्नच नव्हता. ब१२ वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते दुधातूनच मिळते, आणि शंभर मिलिलिटर दुधात ते ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. २.२ ची शिफारस गाठायला रोज अर्ध्या लिटरहून जास्त दूध हवे. आपली शिक्षिका वाटीभर ताक आणि चहातले दोन घोट दूध घेते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो म्हणून चटकन कळत नाही, इतकेच.

लोह आणि ब१२ दोन्ही कमी असतील तर तक्ता आणि अहवाल दोन्ही फसवतात. एकाने पेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी एमसीव्ही ८८ वगैरे अगदी नेहमीसारखा येतो. अशा वेळी अहवालात आरडीडब्ल्यू नावाचा आकडा पाहावा. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते तो सांगतो, आणि अशा सरमिसळीत तो चढलेला असतो. पायांना मुंग्या येतात का, अंधारात चालताना तोल जातो का, हेही विचारावे, कारण फोलिक आम्लाच्या मोठ्या मात्रांनी ब१२ च्या कमतरतेतले रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. शिक्षिकेचे हिमोग्लोबिन महिन्याभरात ९.८ वरून १०.२ वरच अडकले, आणि ती गोळ्या नेमाने घेते आहे अशी खात्री पटली, तर पुढची चिठ्ठी ब१२ च्या तपासणीची असायला हवी.